सेप्टिक टाकी चार दिवसांत भरली, या तक्रारीला आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय:
«मे महिन्यात यांच्याकडून नवी सेप्टिक टाकी बांधून घेतली. घरात सहा माणसं. पहिल्याच पावसात संडासाचं पाणी उतरेना. चवथीच्या तोंडावर टँकर आणून टाकी पूर्ण उपसली, तर पाहुणे असतानाच चार दिवसांत परत भरली. शेजाऱ्यांची टाकी याहून लहान, तिला काही होत नाही. दोन कप्प्यांचे जादा पैसे घेऊन लहान टाकी दिली.»

नमस्कार. सणाच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असताना संडास तुंबला, याचा त्रास काय असतो ते मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. दोष कुठे आहे ते मात्र आपल्या डोळ्यांदेखत झाकणं उघडून पाहिलं होतं. ते इथे सविस्तर लिहितो, कारण डिचोली-पेडण्याकडे सखल जागेतल्या बऱ्याच घरांत पावसाळ्यात हेच होतं.

सेप्टिक टाकी पाणी साठवायला नसते. ती कायम भरलेलीच असते. जेवढं पाणी आत येतं तेवढंच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं, आणि मधल्या वेळात जड मैला तळाला बसतो, तेलकट मळी वर तरंगते. आपल्या टाकीत २,५०० लिटर पाणी राहतं. चवथीला घरात चौदा माणसं होती. संडासाचं पाणी माणशी ४० लिटर धरलं तरी दिवसाला ५६० लिटर होतात. म्हणजे उपसलेली टाकी साडेचार दिवसांत भरणारच, आणि भरायलाच हवी. पुढचा मार्ग मोकळा असता तर ती भरली हे आपल्याला कळलंही नसतं.

माप कसं काढलं तेही सांगतो. आयएस २४७० या भारतीय मानकाच्या धर्तीवर दहा माणसं आणि दोन वर्षांतून एकदा उपसा असा हिशेब धरला. मैला खाली बसण्यासाठी वरचा ३० सेंटीमीटरचा शांत थर लागतो, त्याचे सुमारे ५०० लिटर. ताजा मैला कुजण्यासाठी माणशी ३३ लिटर, म्हणजे ३३०. कुजून उरलेला गाळ माणशी वर्षाला ७३ लिटर, दहा माणसांचा दोन वर्षांचा १,४६०. बेरीज होते जवळपास २,३०० लिटर. म्हणून आतून २ मीटर लांब, ९० सेंटीमीटर रुंद आणि पाण्याची खोली १.४ मीटर अशी टाकी बांधली, वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवून. यातला निम्म्याहून जास्त भाग गाळासाठीच आहे, आणि तो पहिल्या वर्षी जेमतेम वापरला जातो. तेव्हा पहिल्याच पावसात टाकी अपुरी पडण्याचं कारण नाही.

दोन कप्पे हौसेने केलेले नाहीत. पाणी २,००० लिटरच्या वर गेलं की मधली भिंत घालायची असते, आणि ती मध्यावर नाही, तर मैला येतो त्या बाजूने दोन तृतीयांश अंतरावर. बराचसा गाळ पहिल्या मोठ्या कप्प्यात अडकतो. जो निसटतो तो दुसऱ्यात थांबतो. हा गाळ पुढे गेला की टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याच्या, म्हणजे सोक पिटच्या, भिंती बुजतात, आणि बुजलेला पिट साफ करणं टाकी उपसण्याइतकं सोपं नसतं.

आता झाकणाखाली काय दिसलं ते. चालत्या टाकीत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या खालच्या कडेला लागून उभं असतं. आपल्याकडे दोन्ही कप्प्यांत पाणी एकाच पातळीवर होतं आणि तो पाइप पूर्ण बुडाला होता. पहिला कप्पा वर चढून दुसरा नेहमीच्या पातळीवर असता तर मधली वाट तुंबली असं म्हटलं असतं. दोन्ही सारखे चढले की अडथळा टाकीच्या पुढे. सोक पिटचं झाकण काढलं तर तोही काठोकाठ.

हा पिट जुनाच. तो तसाच ठेवायचा हे आपण ठरवलं होतं आणि आमच्या कोटेशनमध्ये तसं लिहिलेलं आहे. मे महिन्यात त्या जमिनीत खड्डा करून, तो रात्रभर भिजवून टेस्ट घेतली, तेव्हा पाणी २५ मिलिमीटर उतरायला ९ मिनिटं लागली. या वेगाला दर चौरस मीटरमागे दिवसाला ६८ लिटर पाणी जिरतं असं मानकाचं सूत्र सांगतं. सहा माणसांच्या २४० लिटरना साडेतीन चौरस मीटर भिंत पुरते. पिटचा व्यास १.२ मीटर, म्हणजे एक मीटर उंचीतच तेवढी भिंत मिळते. उन्हाळ्यात तो उत्तम चालतो तो यामुळेच.

पण त्याच वेळी विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर पावसाळी पाण्याची काळी रेघ दाखवून मी म्हटलं होतं की इथे पाणी बरंच वर येतं. ऑगस्टमध्ये मोजलं तर ते जमिनीखाली एक मीटरवर होतं. पिट अडीच मीटर खोल. पिटमध्ये येणारा पाइप जमिनीखाली ७० सेंटीमीटरवर. म्हणजे पाणी जिरायला जेमतेम ३० सेंटीमीटर भिंत उरली. त्यातून कोरड्या जमिनीच्या हिशेबानेही दिवसाला ७५ लिटरच्या आसपास जिरेल, आणि भिजलेल्या जमिनीत त्याहून कमी. टाकी दुप्पट मोठी केली तरी हा आकडा बदलत नाही. शेजाऱ्यांचं घर वरच्या अंगाला आहे, त्यांच्या पिटचा तळ पावसातही पाण्याच्या वर राहतो.

मला खरी काळजी मात्र वेगळीच आहे. जुना पिट विहिरीपासून १२ मीटरवर आहे, आणि मानकात किमान अंतर १८ मीटर आहे. पिटचा तळ भूजलात बुडाला की मधली माती गाळणीचं काम करत नाही, आणि जांभ्याच्या भेगांतून तर पाणी न गाळता सरळ पुढे जातं. विहिरीचं पाणी तपासून घ्या, त्यात कोलिफॉर्म जंतूंची तपासणी अवश्य सांगा, आणि तोवर पिण्याचं पाणी उकळूनच वापरा. लहान मुलं घरात आहेत.

उपाय टाकीत नाही, मागच्या उंच जागेत आहे. ती जागा सुमारे दीड मीटर वर आहे, विहिरीपासून २६ मीटरवर, आणि तिचा उतार ओहोळाकडे. तिथेही टेस्टमध्ये जवळपास तीच ९ मिनिटं आली. चौदा माणसांचे ५६० लिटर धरले तर सव्वाआठ चौरस मीटर तळ हवा. ६० सेंटीमीटर रुंद आणि तेवढेच खोल असे सात-सात मीटरचे दोन चर, मध्ये दोन मीटर अंतर, तळाला खडी आणि तिच्यावर भोकांचा पाइप. पाणी वर चढवायला टाकीनंतर एक छोटा संप आणि फ्लोटवर चालणारा पंप लागेल. चर मारण्याआधी, पाऊस संपायच्या आत, तिथे एक खोल खड्डा घेऊन पाणी कुठे लागतं ते बघायचं आहे. ते निदान चराच्या तळाखाली दीड मीटर तरी नसेल तर मी ते काम करणार नाही, वर भराव घालून चर उचलावे लागतील.

तोपर्यंत वॉशिंग मशीन आणि न्हाणीचं पाणी या टाकीत कुणालाही जोडू देऊ नका, ते सध्यासारखं माडांकडेच जाऊ द्या. आणि भर पावसात टाकी पुन्हा तळापर्यंत उपसू नका. बाहेर पाण्याचा दाब असताना रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तिला तडे जाऊ शकतात. फारच अडलं तर वरचं अर्धं पाणी काढा. खड्डा घ्यायला कुठला दिवस सोयीचा ते कळवा, त्या खड्ड्याचे पैसे आम्ही घेणार नाही.