स्क्रीन फुटलेला फोन आणि एडीबीचा तो मेसेज

सध्या फिरत असलेला मेसेज:

> स्क्रीन फुटली, टच गेला? दुरुस्तीला पैसे घालवू नका!
> १. फोन कॉम्प्युटरला जोडा, `adb pull /sdcard` टाका, सगळे फोटो पाच मिनिटांत बाहेर.
> २. नाही चाललं तर फोन बंद करून रिकव्हरी मोडमध्ये चालू करा. तिथे पासवर्ड लागतच नाही.
> ३. तेही नाही जमलं तरी काळजी नको. मेमरी चिप काढून डेटा वाचता येतो.
> गरजूंपर्यंत पोहोचवा.

एडीबी हे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचं साधन. पहिल्या मुद्द्यातली त्याची कमांड खरी आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. ती चालायला दोन गोष्टी आधीपासून झालेल्या असाव्या लागतात. एक म्हणजे फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू असलं पाहिजे. हे ऑप्शन्स मुळात लपलेले असतात. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केल्यावरच दिसतात, त्यामुळे ज्यांनी मुद्दाम ते केलेलं नाही त्यांच्या फोनमध्ये डीबगिंग बंदच असतं. दुसरी गोष्ट, त्या विशिष्ट कॉम्प्युटरला फोनने परवानगी दिलेली असली पाहिजे. अँड्रॉइड ४.२.२ पासून नवा कॉम्प्युटर जोडला की फोनच्या स्क्रीनवर `Allow USB debugging?` असं विचारलं जातं आणि बोटाने होकार द्यावा लागतो. म्हणजे टच गेलेल्या फोनमधून डेटा काढायला टच लागतो. शिवाय अँड्रॉइड ११ पासून, एकदा दिलेली परवानगीही सात दिवस तो कॉम्प्युटर जोडला नाही तर आपोआप रद्द होते, तशी सेटिंग मुद्दाम बंद केलेली नसेल तर.

तुमचा फोन कुठल्या गटात आहे हे अर्ध्या मिनिटात कळतं. कॉम्प्युटरवर हे टाका:

```
adb devices
```

यादी रिकामी आली तर डीबगिंग बंद आहे, किंवा केबल फक्त चार्जिंगची आहे. दुसऱ्या केबलने एकदा बघा. `unauthorized` आलं तर डीबगिंग चालू आहे पण होकार बाकी आहे. `device` आलं तर तुमचं नशीब थोर. तेव्हा पिनसुद्धा कॉम्प्युटरवरून टाकता येतो (इथे ४८३९२० हा पिन धरला आहे):

```
adb shell input keyevent 82
adb shell input text 483920
adb shell input keyevent 66
adb pull /sdcard/DCIM
```

काही कंपन्यांच्या फोनमध्ये अशी बटणं दूरवरून दाबायला वेगळी परवानगी लागते. ती दिलेली नसेल तर वरच्या तीन ओळी चालत नाहीत; मात्र फोन सुरू झाल्यापासून एकदा उघडलेला असेल तर चौथी चालते.

आता दुसरा मुद्दा. पहिल्याने फार तर वेळ वाया जातो, याने नुकसान होतं. आजच्या अँड्रॉइडमध्ये तुमच्या फाइली एन्क्रिप्ट केलेल्या असतात आणि त्यांची किल्ली तुमचा पिन आणि फोनच्या आत सुरक्षित ठेवलेलं एक गुपित मिळून तयार होते. फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत ती किल्ली तयारच होत नाही. फोटो, मेसेज, ॲपचा डेटा तोवर बंद. फोन एकदा उघडला की मात्र पुन्हा लॉक झाला तरी किल्ली मेमरीत राहते, फोन बंद करेपर्यंत. हा फरक डोळ्यांनी दिसतो: नुकत्याच रीस्टार्ट झालेल्या फोनवर आईचा फोन आला तर ‘आई’ऐवजी नुसता नंबर दिसतो, कारण कॉन्टॅक्ट्सही अजून बंद असतात.

म्हणून टच गेलेला पण चालू असलेला फोन ही चांगली अवस्था आहे. फोटोंचा बॅकअप पार्श्वभूमीवर चालू असू शकतो, घड्याळ किंवा इअरफोन जोडलेले असतात, बोटाच्या ठशाने तो कदाचित उघडतोही. बंद करून चालू केला की ठसा चालत नाही, पिनच लागतो, आणि पिन टाकायची सोय तर गेलेली. चार्जरला लावा, बंद पडू देऊ नका.

रिकव्हरीत, म्हणजे फोन अपडेट किंवा रीसेट करायच्या वेगळ्या मेनूत, पासवर्ड लागत नाही हे बरोबर, पण तिथे तुमचा डेटाही उघडलेला नसतो. कंपनीच्या रिकव्हरीतला `Apply update from ADB` हा पर्याय फोनमध्ये अपडेट ढकलण्यासाठी आहे, बाहेर काही काढण्यासाठी नाही. त्याच मेनूत `Wipe data/factory reset` बसलेलं असतं, आणि हा मेनू आवाजाच्या बटणांनी चालतो. निम्मी स्क्रीन काळी असताना तिथे अंदाजाने बटणं दाबणं म्हणजे आत्मघात. ‘मग दुसरी रिकव्हरी टाका’ असा सल्ला खाली कुणीतरी देतंच. त्यासाठी फोन सुरू करणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, अनलॉक करावा लागतो, आणि तो करताना फोन सगळा डेटा पुसतो.

चिपचा मुद्दा एके काळी खरा होता. अँड्रॉइड ६ पासून नव्याने आलेल्या बहुतेक फोनना एन्क्रिप्शन सक्तीचं झालं आणि ती वाट बंद झाली. चिप बोर्डावरून काढून वाचली तर आकड्यांचा कचरा मिळतो, कारण गुपित प्रोसेसरच्या बाजूला राहिलं. म्हणूनच बोर्ड जळालेल्या फोनवर काम करणारे तंत्रज्ञ तोच बोर्ड कसाबसा जिवंत करून, त्याच प्रोसेसरवर फोन चालू करून पिन टाकायचा प्रयत्न करतात. वेगळं काढता येण्यासारखं एकच असतं, ते म्हणजे एसडी कार्ड. तेही ‘पोर्टेबल’ म्हणून वापरलेलं असेल तरच; फोनची अंतर्गत मेमरी म्हणून जोडलेलं कार्डही त्या फोनशिवाय वाचता येत नाही.

मग करायचं काय? बहुतेक वेळा उत्तर मेसेजमध्ये नसलेल्या एका साध्या वस्तूत असतं: माउस. अँड्रॉइड फोनला यूएसबी माउस जोडला की स्क्रीनवर बाण दिसतो.

एक फोन डोळ्यांसमोर घेऊ. अँड्रॉइड १३, चित्र दिसतंय पण मधून हिरव्या रेघा, टच पूर्ण मेलेला, सहा आकडी पिन माहीत आहे, डीबगिंग कधी चालू केलेलं नाही. चार्जिंगची केबलही लावता येईल असा टाइप-सी हब घ्या. त्यात माउस, पेनड्राइव्ह आणि चार्जर लावा, कारण फोनला तोंड एकच असतं आणि माउस एकटा लावला तर बॅटरी उतरत राहते. पॉवर बटणाने स्क्रीन जागी करा, माउसचं डावं बटण दाबून खालून वर ओढा, पिनचे आकडे क्लिक करा. पॅटर्न असेल तर बटण न सोडता ठिपक्यांवरून ओढा.

उघडल्यावर लगेच फोटोंकडे धावू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन बंद होण्याची वेळ सगळ्यात जास्त करा, म्हणजे दर थोड्या वेळाने पिन टाकावा लागणार नाही. मग फाइल्स ॲपमध्ये `DCIM` निवडून पेनड्राइव्हवर कॉपी करा, मूव्ह नाही. व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ `Android/media/com.whatsapp` मध्ये असतात, ते लोक हटकून विसरतात. कॉन्टॅक्ट्स ॲपमधून एक्स्पोर्ट करून `.vcf` फाइलही घ्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकाराचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ त्यावर जाणार नाही. कॉपी नेमकी मोठ्या व्हिडिओवर अडकली तर कारण बहुधा हेच. शेवटी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून चार-पाच फोटो आणि एक व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून बघा.

कॉम्प्युटरवरच घ्यायचं असेल तर अडचण अशी की केबल लावायला माउस काढावा लागतो, आणि केबल लावल्यावर `File transfer` निवडायला माउस लागतो. यावर ‘एससीआरसीपीवाय’ हे मोफत साधन कामाला येतं. ते सहसा डीबगिंग मागतं, पण त्याची एक पद्धत मागत नाही:

```
scrcpy --otg
```

यात फोनचं चित्र कॉम्प्युटरवर दिसत नाही. कॉम्प्युटरचा माउस आणि कीबोर्ड मात्र त्याच केबलमधून फोनला लागतात. ज्या फोनना ओटीजी, म्हणजे माउस-पेनड्राइव्ह थेट जोडून घ्यायची सोय, नाही, किंवा ज्यांचा ओटीजीचा स्विच सेटिंगमध्ये बंद पडून आहे, तिथेही हे चालू शकतं, कारण इथे फोनला माउसचा यजमान व्हावं लागत नाही.

स्क्रीन पूर्ण काळी पण फोन वाजतो, थरथरतो, असं असेल तर माउसचा उपयोग नाही. काही फोन टाइप-सीमधून चित्र बाहेर देतात. त्यांना एचडीएमआयचं तोंड असलेला हब लावून टीव्हीवर सगळं करता येतं. ज्यांचा पोर्ट यूएसबी २ च्या दर्जाचा आहे ते सहसा देत नाहीत, आणि हब बदलून फरक पडत नाही. अशा वेळी हबला कीबोर्ड लावून स्पेस, पिन, एंटर असं आंधळेपणाने करून बघा. फोन उघडला आणि फोटोंचा बॅकअप आधीपासून चालू होता, तर वाय-फायवर तासभर सोडून द्या आणि दुसऱ्या यंत्रावर लॉगिन करून नवे फोटो येतात का ते पाहा. पॅटर्नवाल्यांना ही सोय नाही.

एक धोका मात्र लगेच ओळखा. काच फुटल्यावर टच कधी कधी मरत नाही, वेडा होतो: स्वतःच आकडे दाबले जातात, पाच चुकीच्या पिननंतर फोन ३० सेकंद थांबायला लावतो, मग ही मुदत वाढत जाते. काही फोनमध्ये ठरावीक चुकांनंतर डेटा पुसण्याची सेटिंगही असते. ती चालू असेल तर मघाचा चालू ठेवण्याचा नियम सोडा आणि फोन बंद करा.

बाकी सगळं फसलं तर स्क्रीन बदलणं हाच मार्ग, पण त्यातही फोन पूर्ण दुरुस्त करायची गरज नाही. दुरुस्तीवाले ज्याला कॉम्बो म्हणतात, तो काच-टच-डिस्प्लेचा जोड न चिकटवता नुसता कनेक्टरला लावून फोन चालवता येतो. तेवढ्यापुरतं लावून द्या असं सांगा, पिन स्वतः टाका, समोरच बसून कॉपी करा. ‘रीसेट मारून बघू का’ असं विचारलं तर फोन हातात परत घ्या.