एक तारा आणि एकवीस मोदक

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंख्याखाली आडवी पडले होते. दोन दिवसांत उकडीचे चारशे मोदक वळून बोटांच्या कळ्या झाल्या होत्या. तेवढ्यात फोन किणकिणला. गुगलवरच्या आमच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं : 'मोदक की दगड? एकवीसपैकी पाच फुटलेले. देवासमोर लाज गेली. इथून घेऊ नका.' खाली तारा एक.

तोवर 38 जणांनी पाच-पाच तारे दिले होते. या 39व्याने पाचाचं 4.9 केलं. तुम्ही म्हणाल, एवढंच? दहावीत एका मार्कानं पहिला नंबर हुकलेल्या मुलीच्या आईला विचारा.

मी ताबडतोब उत्तर लिहिलं : 'आपण दातांची तपासणी करून घ्यावी.' पाठवणार, इतक्यात मुलानं फोन काढून घेतला. "आई, रागात लिहायचं तर किराणाच्या वहीत लिही. तिथून काही पोस्ट होत नाही." वहीत साबुदाणा आणि हिंगाच्या मध्ये तीन उत्तरं जमली. चौथं सासऱ्यांचं. ते कोर्टात शिरस्तेदार होते. 'सदर तक्रार बिनबुडाची असून तक्रारदाराने पाच मोदक पुराव्यादाखल सादर करावेत.'

मग उपाय सुरू झाले. तक्रार काढून टाका म्हणून मुलानं गुगलला कळवलं. उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही. शिवीगाळ, जाहिरातबाजी, खोटा मजकूर असेल तर ते काढतात; मोदकाला दगड म्हणणं हे मत आहे. जाऊबाई म्हणाल्या, घरच्या ग्रुपवर सांगते, वीस जण पाच तारे देतील. तेही नियमात बसत नाही, आणि शिवाय मागे मावशींनी तसे दिले होते तेव्हा खाली लिहिलं होतं, 'छान. चिन्मयला बारावीला किती पडले?' ते अजून आहे तिथे. नणंदेनं सुचवलं, त्यांना डबाभर मोदक फुकट देऊन तारे वाढवून घ्या. तीही लाचच, गुगलच्या लेखी.

शेवटी ऑर्डरची वही काढली. हे आधीच करायला हवं होतं. 21 मोदक, सकाळी साडेआठला पोचवले, आरती संध्याकाळी सातला. मधले साडेदहा तास मोदक कुठे होते? फ्रीजमध्ये, दुसरं काय! तांदळाची उकड थंड झाली की आवळते, फ्रीजमध्ये तर कडकच होते. मी विजयी मुद्रेनं उठले. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काकू, डबा स्कूटरच्या हुकला लावला होता. गतिरोधक खूप होते."

बसले.

आणि मग आठवलं की घाईत मी मोदक गरम असतानाच दोन थरांत भरून झाकण लावलं होतं. झाकणाखाली वाफेचं पाणी सुटलं, खालचा थर वरच्याच्या वजनानं दबला. म्हणजे फुटले ते आमचेच, कडक झाले ते फ्रीजचे, आणि फ्रीजमध्ये ठेवू नका हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता खरी कसोटी. उत्तर त्यांना असलं तरी वाचणार आहे पुढच्या संकष्टीची ऑर्डर देणारी एखादी अनोळखी बाई. तिला माझी बाजू नकोय; बाई भांडखोर आहे का, एवढंच तिला बघायचंय. 'क्षमस्व, पण' असं मी तीनदा लिहिलं आणि तीनदा 'पण' खोडला. हा 'पण' फार चिवट असतो, उंदरासारखा दुसऱ्या वाक्यातून येतो. 'आपणास तसे वाटले असल्यास' हा त्याचाच चुलतभाऊ. तोही गेला. त्यांचं नाव, पत्ता, ऑर्डर किती वाजता घेतली, हे चव्हाट्यावर मांडायचं नाही, हा सासऱ्यांनी दिलेला एकमेव उपयोगी सल्ला.

उरलं ते एवढं : 'नमस्कार. सणाच्या दिवशी नैवेद्याचे मोदक फुटलेले निघाले, मनापासून क्षमस्व. गरम मोदक दोन थरांत भरले, ही आमची चूक. आता एकाच थरात, गार झाल्यावर भरतो. उकड गार झाली की कडक होते. खाण्याआधी पाच मिनिटं वाफ द्यावी लागते, हे डब्यावर लिहायला हवं होतं. आजपासून लिहितोय. पाच मोदकांचे पैसे परत करायचे आहेत, पानावरच्या नंबरवर कृपया फोन करा.'

सासरे म्हणाले, "हा तर कबुलीजबाब झाला."

संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. आवाज अगदीच मऊ होता. पैसे नकोत म्हणाले. उरलेले सोळा त्यांनी वाफवून खाल्ले होते. रात्री मजकूर बदलला : 'वाफवल्यावर उत्तम. पाच फुटले होते ते फुटलेच होते.' तारे तीन.

मुलानं लगेच हिशेब केला. सरासरी अजून 4.9च.

दुसऱ्या दिवशी एका अनोळखी बाईंनी फोन करून संकष्टीसाठी अकरा मोदक सांगितले. "तुमचं उत्तर वाचलं," म्हणाल्या. मी खुलले. "ते स्कूटरवालं मात्र पाठवू नका हं, मी स्वतः येते."

स्कूटरचं तर मी उत्तरात लिहिलंच नव्हतं. पुतण्याला हाक मारली, तर तो पानावर प्रतिसाद लिहून मोकळा झाला होता. पाच ताऱ्यांसकट.