ताप आहे का, एवढं तरी विचारा की!

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबण लागली तर लागू द्या.

ड्यूटी संपवून येताना स्टँडसमोरच्या मेडिकलवर थांबले होते. माझ्या पुढं एक पन्नाशीचे गृहस्थ. भर उकाड्यात अंगावर शाल, ओठ कोरडे, काउंटर धरून उभे. म्हणाले, "संडास बंद व्हायची गोळी द्या." पोरानं स्ट्रिप काढली, कात्रीनं चार गोळ्या कापल्या, कागदाच्या पुडीत घालून पुढं सरकवल्या. नाव नाही, गाव नाही, एक प्रश्न नाही. मीच विचारलं, "काका, ताप आहे का?" म्हणाले, "कालपासून हाय बाई, थंडी वाजून येतोय." "आव, रक्त?" ते इकडं तिकडं बघत हळूच म्हणाले, "लाल पडतंय थोडं."

मी गोळ्या परत ठेवायला लावल्या आणि त्यांना रिक्षानं दवाखान्यात पाठवलं. तर दुकानदार मलाच म्हणतो, "सिस्टर, गिऱ्हाईक तोडू नका."

तोडते. शंभरदा तोडीन.

माझ्या दाजींचं मागच्या पावसाळ्यात काय झालं हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. उरलेल्यांसाठी सांगते. पहिला पाऊस पडून गेला होता, विहिरीला नवं गढूळ पाणी आलेलं. शेतावर तेच प्याले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळा, ताप, आणि जरा जरा वेळानं परसाकडं. जाऊन बसलं की चमचाभर आव, रक्ताचे धागे, आणि परत कळ. आक्कानं मेडिकलवरून तीच गोळी आणली. लोपेरामाइड, २ मिलिग्रॅम. दुकानदारानं सांगितलं, आधी दोन घ्या, मग प्रत्येक पातळ संडासानंतर एक.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच. हा डोस चुकीचा नाही. मोठ्या माणसाला पाण्यासारखे जुलाब होत असतील तर असाच देतात. पण रक्ती आवेत माणूस रात्रीतून दहा-बारादा जातो आणि दर वेळी थोडंसंच पडतं. "प्रत्येक वेळी एक" या हिशेबानं दाजींनी पहाटेपर्यंत आठ गोळ्या घेतल्या. म्हणजे १६ मिलिग्रॅम. डॉक्टरांच्या नजरेखाली २४ तासांत जास्तीत जास्त जेवढं द्यायचं, तेवढं एका रात्रीत. आपलं आपण घेणाऱ्यासाठी अमेरिकेत दिवसाला ८ मिलिग्रॅम, म्हणजे चार गोळ्यांवर थांबायला सांगतात. शिवाय या गोळीचा पुरता असर यायला काही तास लागतात. पहिल्या दोन गोळ्यांचा जोर चढायच्या आत पोटात आणखी चार जाऊन बसलेल्या असतात.

सकाळी आक्काचा फोन आला. आवाजात आनंद. "बंद झालं गं! रातच्यानं हैराण झाले होते, आता एकदाबी गेले नाहीत." मी विचारलं, ताप? "ताप हाय, उतरंल की." पोट कसंय? "जरा फुगल्यावानी वाटतंय." वारा सरतोय का? ते त्यांना विचारून तिनं सांगितलं, "नाही म्हणतेत." लघवी? "रातीपासून नाही."

मी म्हणाले, गाडी काढा. ती म्हणाली, "थांबलं की आता, काहून घाबरवतीस?"

सगळं इथंच अडतं. आपल्याकडं संडास थांबला की दुखणं गेलं असं धरतात. अहो, ही गोळी दुखणं बरं करतच नाही. ती अफूच्या कुळातली आहे. नेहमीच्या डोसात मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून नशा येत नाही, पण आतड्याच्या भिंतीतल्या नसांवर बसते आणि आतड्याची हालचाल मंदावते. आतलं पुढं सरकायला वेळ लागला की त्यातलं पाणी अंगात ओढून घ्यायला आतड्याला सवड मिळते. नुसतं पाणी पडत असेल तर हे कामाचंच आहे. पण रक्ती आवेत जंतू आतड्याच्या अस्तरात घुसलेले असतात, अस्तराला जखमा झालेल्या असतात. शिगेला, साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर ही त्यातली नेहमीची नावं. तो जंतू आणि त्याचं विष बाहेर टाकायला आतडं झटत असतं, आणि आपण बाहेरून दाराला कडी लावतो.

आतली घाण आतच राहते, सुजलेलं मोठं आतडं ढिलं पडतं, हवेनं फुगत जातं. फार फुगलं आणि वर ताप, धडधड असली की डॉक्टर त्याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात. ते फुटूही शकतं. आणि फुटेपर्यंत घरचे म्हणत असतात, बंद झालं, बरं झालं.

दाजींना तालुक्याला आणलं तेव्हा पोट ताणलेलं, नाडी १२०च्या वर, ताप १०३. एक्स-रेत मोठं आतडं फुगून सहा सेंटिमीटरपर्यंत गेलेलं. डॉक्टर त्याच आकड्यापासून धास्तावतात. तोंडानं सगळं बंद, नाकातून पोटात नळी, सलाइन, शिरेतून अँटिबायोटिक. रक्तात पोटॅशियम घसरलेलं होतं, त्यानं आतडं अजूनच सुस्त पडतं, म्हणून तेही सलाइनमधून. गोळी अर्थातच बंद. सर्जन दिवसातून दोनदा येऊन पोट दाबून बघायचे, आक्का दाराशी उभी. ऑपरेशन लागलं नाही. शेवटी वारा सरला तेव्हा दाजी स्वतःच एवढे लाजले की आम्ही सगळे हसलो. वॉर्डात त्या आवाजाची एवढी वाट कुणी बघितली नसेल.

हो, मान्य आहे. सगळ्यांचं असं होत नाही. पुष्कळ जण तापातही ही गोळी खातात आणि काही न होता सुटतात. डॉक्टरही कधी कधी तपासून, अँटिबायोटिकच्या जोडीनं देतात. पण ते त्यांनी पोटाला हात लावून ठरवलेलं असतं. कात्री घेऊन बसलेल्या पोरानं नव्हे.

आणि कात्रीचं म्हणाल तर तिचा मला वेगळाच राग आहे. कापलेल्या तुकड्यावर धड नाव राहत नाही की तारीख. दाजींच्या खिशात सापडलेल्या तुकड्यावर "माइड" एवढंच उरलं होतं. त्यांना काय दिलंय हे कळायला आम्हाला त्या दुकानात माणूस पाठवावा लागला. स्ट्रिप पूर्ण मागा. मागं बारीक अक्षरात घटकाचं नाव वाचा. कंपनीगणिक वरचं नाव बदलतं, आतलं लोपेरामाइड तेच असतं. एकाच औषधाच्या दोन नावांच्या गोळ्या एका दिवशी खाणारी माणसं मी बघितली आहेत. याचा डोस फार चढला की हृदयाचे ठोके बिघडतात. २०१६ साली अमेरिकेच्या औषध खात्यानं तसा इशाराही दिला होता. हृदयाच्या ठोक्यांसाठी औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय हातच लावू नका.

जरा शांत होते. चहा घेऊन आले.

गोळीवर माझं वैर नाही, तिच्यावर अन्याय नको. आमचे एक शेजारी, मास्तर, त्यांना पुण्याला पोरीच्या ॲडमिशनला जायचं होतं. आदल्या दिवशी लग्नाच्या पंगतीत जेवले आणि सकाळपासून पाण्यासारखे जुलाब. ताप नाही, रक्त नाही, आव नाही. पोट मऊ, लघवी चालू. रात्रीची एसटी, आणि एसटीत काय हाल होतात ते तुम्हाला सांगायला नको. मीच सांगितलं, दोन गोळ्या घ्या, नंतर पातळ झालंच तर एक, चारच्या पुढं जायचं नाही, आणि ओआरएसची बाटली सोबत ठेवा. एकूण तीन गोळ्या लागल्या. ॲडमिशन करून आले. ही गोळी अशासाठीच आहे. दोन दिवसांत आराम नाही पडला तर ती सोडून डॉक्टर गाठायचा, एवढंच.

ओआरएस का, तर गोळीनं खेपा कमी होतात, अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ परत येत नाही. माणूस खेपांनी मरत नाही, पाणी संपून मरतो. भाताच्या पेजेसारखं पांढरं पाणी धो धो पडत असेल तर गोळी शोधत बसू नका, ओआरएस पाजत पाजत दवाखाना गाठा. आणि एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच टाका हो. अर्धं पाकीट ग्लासात ढवळून देणाऱ्या बायका रोज भेटतात, वर म्हणतात, "लेकराला खारट लागतंय." लेकरावरून आठवलं. ही गोळी लेकरांना द्यायचीच नाही, चुरा करून नाही, पाव तुकडासुद्धा नाही.

नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झालाय आणि त्यानंतर जुलाब लागलेत, तरीही स्वतःहून घेऊ नका. त्यात एक वेगळाच जंतू आतड्यात माजलेला असू शकतो आणि तिथंही आतडं अडवणं महागात पडतं.

दुकानदारांनो, तुमच्यातले काही माझ्या लिस्टमध्ये आहेत, वाचताय मला माहीत आहे. तुमचा धंदा बुडावा असं मला वाटत नाही. रात्री अकराला आमच्या भागात डॉक्टर सापडत नाही, तुमचंच शटर अर्धं उघडं असतं, हेही खरं. पण ताप आहे का, रक्त पडतंय का, पोट फुगलंय का, हे विचारायला किती वेळ लागतो? स्ट्रिप कापायला लागतो तेवढाही नाही. दाजींना त्या संध्याकाळी एवढं कुणी विचारलं असतं, तर आक्काचं मणीमंगळसूत्र पतपेढीत गेलं नसतं. अजून सुटलेलं नाही ते.

आता आषाढीचे दिवस आहेत, इनबॉक्समध्ये बायका विचारतायत की दिंडीच्या पिशवीत औषधं काय ठेवू. वेगवेगळं उत्तर देत बसत नाही, इथंच लिहिते. ओआरएसची एक लिटरवाली पाकिटं भरपूर, आणि एक लिटरची बाटली, म्हणजे माप चुकणार नाही. थर्मामीटर, कारण हात लावून ताप कळतो हा आपला भ्रम आहे. लोपेरामाइडची एक पूर्ण स्ट्रिप, न कापलेली, आणि ती दिंडीतल्या एकाच शहाण्या माणसाच्या ताब्यात, जो आधी थर्मामीटर लावेल. कुणाला ताप निघाला, रक्त पडलं किंवा पोट ताणलं, तर स्ट्रिप पिशवीतच राहू द्या आणि त्या माणसाला वाटेतल्या आरोग्य पथकाच्या गाडीकडं न्या. चालत नको, बसवून न्या.