‘टेन्शन आहे’ एवढंच सांगून चालतं का?

“डॉक्टरकडे पाचच मिनिटं असतात. ‘टेन्शन आहे, झोप लागत नाही’ एवढं सांगा, बाकी त्यांना कळतं. कागद लिहून नेऊ नका, नाटक वाटतं. आणि मरणाचे विचार येतात असं चुकूनही बोलू नका, थेट भरती करतात.”

मन उदास असलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाताना असा सल्ला हमखास मिळतो. त्यातलं पाच मिनिटांचं खरं आहे. पण म्हणूनच ‘बाकी त्यांना कळतं’ हे चूक. एवढंच ऐकलं की बीपी बघून झोपेची गोळी मिळण्याचीच शक्यता जास्त. नैराश्य ओळखायला डॉक्टरांना हवं असतं ते वेगळंच: मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं हे निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ चाललंय का, आणि सोबत झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं यांत काय बदललं.

कागदाचं म्हणाल, तर माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं नेलेली चिठ्ठी अशी होती:

“दिवाळीनंतर, म्हणजे पाच आठवडे, रोज उदास. सकाळी जास्त. पहाटे साडेतीनला जाग येते, पुन्हा झोप नाही. दोन घास कसेबसे. वह्या तपासताना तेच पान तीनदा वाचते. थायरॉइडची गोळी चालू, मध्ये महिनाभर बंद होती.”

वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. शेवटच्या ओळीवरून डॉक्टरांनी आधी थायरॉइडची तपासणी सांगितली, कारण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मरगळतो. मी त्या चिठ्ठीत एकच ओळ वाढवली असती: पूर्वी कधी चार-पाच दिवस झोप नसतानाही अंगात प्रचंड उत्साह, भरमसाट खर्च, अखंड बडबड असं झालं होतं का. तसं झालेल्या माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. दारू किती, हेही खरं लिहावं.

आणि चिठ्ठी बसल्या बसल्या पुढे करा. आपल्याकडे आधी अॅसिडिटी, मग पाठदुखी आणि दार उघडता उघडता “मन लागत नाही हो” असं होतं. तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो.

भरतीची भीती मात्र समजू शकते. पण मरणाचा विचार येतो, एवढं सांगितल्यानं कुणी जबरदस्तीनं भरती करत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात संमतीशिवाय दाखल करायला मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एका तज्ज्ञ किंवा डॉक्टरनं स्वतंत्र तपासणी करावी लागते, आणि धोकाही तसाच गंभीर असावा लागतो. म्हणून नेमकं सांगा: “झोपेतच संपावं असं वाटतं” की “कसं करायचं ते ठरवलंय”? दोन्हींवरचा इलाज वेगळा असतो. दुसरं असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन आजच जवळच्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.