चहाचे परीक्षक व्हायचंय? आधी चव विसरा

घरात आत्या आणि काकू दोघीही आपापल्या चहाबद्दल ठाम असतील, तर टीव्हीवरच्यासारखी पाककलेची स्पर्धा आज ना उद्या तुमच्याकडे होणारच. ती टाळायच्या फंदात पडू नका. स्पर्धक मात्र होऊ नका आणि प्रेक्षकही होऊ नका, कारण प्रेक्षकांना शेवटी कपबश्या विसळाव्या लागतात. परीक्षक व्हा. त्यासाठी चहातलं काही कळावं लागत नाही. आमच्याकडे तीन परीक्षक होते. एक बाबा, म्हणजे आत्याचे सख्खे भाऊ. दुसरे काका, आत्याचे सख्खे भाऊ आणि काकूचे सख्खे नवरे. तिसरा मी. मी कॉफी पितो. याहून निःपक्षपाती मंडळ कुठून आणणार?

चहा सात-आठ मिनिटांत होतो आणि कार्यक्रम पाऊण तास चालवायचा असतो, ही पहिली अडचण. उरलेला वेळ भरून काढायला निवेदक लागतो. आमच्याकडे काकूचाच मुलगा गाळणं माईकसारखं धरून उभा होता. पातेल्यात पाणी तापत असताना तो कुजबुजला, "पाण्याला बुडबुडे आलेत. पण ते पुरेसे आहेत का?" मग गॅसकडे टक लावून इतका वेळ गप्प राहिला की बाबांना वाटलं सिलिंडर संपला. उकळी येते न येते तोच त्याने ब्रेक जाहीर केला. ब्रेकमध्ये दुसरं काही करण्यासारखं नसल्याने सगळ्यांनी चहा मागितला. तो मिळाला नाही. दोन्ही शेगड्या स्पर्धेत अडकलेल्या होत्या.

आता गुणदान. शंभरपैकी चवीला पाच गुण ठेवा, फार तर सात. बाकीचे सादरीकरण, आत्मविश्वास आणि 'चहामागची गोष्ट' यांना वाटून टाका. पहिला घोट घेतल्यावर डोळे मिटा, वर छताकडे पाहा आणि म्हणा, "यात एक प्रवास आहे." कुठून कुठे, असं कोणी विचारत नाही. काकांनी आत्याचे दोन गुण कापले, का तर तिने झाकण ठेवलं तेव्हा आवाज झाला. काकूचे तीन वाढवले, कारण तिने ठेवलं तेव्हाही आवाज झाला, पण तो 'मनापासून' होता. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की असे बारकावे ऐकू येतात.

परीक्षकाची खरी कसोटी लागते ती अपघाताच्या वेळी. काकूने त्या दिवशी नवी युक्ती केली होती. आलं पाण्यात उकळलं की वास उडून जातो, असं सांगून तिने ते थेट गार दुधात किसलं आणि बारीक गॅसवर दूध हळूहळू तापवलं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. दूध साधारण साठ अंशांच्या आसपास रेंगाळलं की ते विकर जोरात कामाला लागतं आणि दूध फाटतं. म्हणून आलं आधी नुसत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं खळाखळा उकळायचं असतं. त्या उकळीत विकर निकामी होतं आणि मग दूध निर्धास्तपणे ओतता येतं. हे आत्याला ठाऊक होतं. तिने ते सांगितलं नाही, नुसती पातेल्याकडे पाहत राहिली.

कपात खाली पिवळट पाणी आणि वर गुठळ्या. अशा वेळी 'फाटलं' हा शब्द उच्चारायचा नाही. मी म्हणालो, "चहा आणि दूध यांना आपापली ओळख परत मिळाली आहे." बाबा म्हणाले, "चावता येतो, हे विशेष." काकांनी कप संपवला आणि दुसरा मागितला.

दुसऱ्या फेरीत काकूने आलं निमूटपणे पाण्यात उकळलं. आता दोघींची चहापावडर एक, पाण्या-दुधाचं माप एक, उकळीची मिनिटंही मोजून सारखीच. भांडण उरलं ते साखरेपुरतं. आत्या साखर पाण्यात आधीच घालते, काकू गॅस बंद करताना. "वहिनी, शेवटी घातलेली साखर वेगळी लागते हो, मुरत नाही," आत्या म्हणाली. "वन्सं, आधी घातली की चहा पाकासारखा होतो," काकू म्हणाली. आम्हा तिन्ही परीक्षकांना फरक अगदी स्पष्ट जाणवला. गॅसवर कोण उभं आहे, हे तिघांनाही दिसत होतं.

इथे एक धोक्याची सूचना. कॉलेजात संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीला अशा कार्यक्रमाला बोलावू नका. आमची आतेबहीण आली आणि तिने विसाव्या शतकातला एक किस्सा काढला. कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे आपण चवीवरून ओळखतो, असा म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंचा दावा होता. त्यांचे सहकारी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावरून आठ कपांची परीक्षा बेतली. चार एका पद्धतीचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि चाखणाऱ्याने एका पद्धतीचे चार कप वेगळे काढायचे. आठातून चार कप निवडण्याच्या 70 तऱ्हा होतात आणि त्यातली एकच पूर्ण बरोबर असते. म्हणजे नुसत्या अंदाजाने चारही जमायची शक्यता 70त 1. चारातले तीन जमले तरी नाचू नये, कारण तेवढं 16 तऱ्हांनी आपोआप जमतं. आणि दोन बरोबर, दोन चूक असा निकाल तर 36 तऱ्हांनी लागतो. अर्ध्याहून जास्त! त्याला जीभ लागतच नाही.

तिने आठ सारखे कप घेतले, बशीखाली आकडे चिकटवले आणि दोन्ही चहा एकाच वेळी, सारखेच गरम ओतले. एक कोमट आणि एक कढत असता तर आम्ही साखर नव्हे, ऊन ओळखलं असतं, असं तिचं म्हणणं. आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं. चेहरे दिसत नाहीत, बांगड्या ऐकू येत नाहीत, झाकण वाजत नाही. असल्या निर्दय वातावरणात चव घ्यायची म्हणजे परीक्षकाच्या हातातली हत्यारंच काढून घेण्यासारखं झालं.

प्रत्येकाने काकूचे चार कप वेगळे काढायचे होते. माझे दोन बरोबर आले. बाबांचेही दोन. काकांनी प्रत्येक कपाला मान डोलावली, दोन कपांना "हा तर आपल्या घरचा" असंही म्हणाले, आणि त्यांनी निवडलेल्या चारांत काकूचा एकच निघाला. ते 'आपल्या घरचे' दोन्ही कप आत्याचे होते.

आतेबहीण सांगत होती की एवढ्याशा चाचणीवरून काकांना फरक कळत नाही असं सिद्ध होत नाही, फक्त कळतो याचा पुरावा मिळत नाही. तिचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. काकूने ते ऐकून घेतलं आणि काकांना विचारलं, "सत्तावीस वर्षं कोणाचा पीत होतात?"

पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला मला काकांचा फोन आला. मागे पातेल्याचा आवाज येत होता. "अरे," ते दबक्या आवाजात म्हणाले, "आलं आधी पाण्यात ना?"