टॉवेलला सॉफ्टनर? थांबा जरा

"टॉवेल आणि जिमच्या टीशर्टला शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर डबल टाका, मऊ पण होतात आणि पाणी पण जास्त ओढतात." (आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवरून)

मऊ होतात हे खरं, बाकी उलटं आहे. सॉफ्टनरमधले रेणू एका टोकाने धाग्याला चिकटतात आणि त्यांची चरबीसारखी शेपटी बाहेर राहते, म्हणजे धाग्यावर तेलकट पातळ थर बसतो आणि हात लावला की मऊ वाटतं ते त्यामुळेच, पण पाणी त्याच थरावरून घसरतं. आमच्याकडे पावसाळ्यात टॉवेल अंगावरून नुसता फिरायचा, अंग ओलंच! सुक्या टॉवेलवर पाण्याचा थेंब टाकून बघा, लगेच जिरला तर ठीक, मोत्यासारखा बसून राहिला तर थर आहे.

टीशर्टचं पॉलिस्टर तर घाम पीतच नाही, धाग्यांमधल्या बारीक फटींतून तो बाहेर पसरतो आणि वाळतो. धागा तेलकट झाला की ओढ कमी होते, टीशर्ट पाठीला चिकटतो.

सॉफ्टनर बंद करून सुती टॉवेल ६० डिग्रीला नुसत्या डिटर्जंटने दोन-तीनदा धुवा, थर हळूहळू निघतो. टीशर्ट मात्र कोमट पाण्यातच हां.