जॉइनिंग पुढे ढकलली म्हणे!

सोमवारी जॉइनिंग, आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला एचआरबाईंचा फोन, "सर, तुमची जॉइनिंग थोडी पुश झालीय." थोडी म्हणजे किती तर पाच आठवडे! का, तर प्रोजेक्टचं क्लायंट अप्रूव्हल अडकलंय. अहो मग ऑफर लेटर काय अक्षता म्हणून वाटलेलं का?

90 दिवस नोटीस भरली मी. मधे अजून एक ऑफर आलेली, 'शब्द दिलाय' म्हणून सोडली. तेव्हा ह्याच बाईंना विचारलेलं की जुन्या ऑफिसात काम हँडओव्हर करायला एक आठवडा जास्त द्याल का, तर म्हणाल्या ठरलेल्या तारखेला आला नाहीत तर ऑफर रद्द, लेटरमधे तसं लिहिलंयच. म्हणजे मी उशीर केला तर ऑफर रद्द, आणि यांनी केला तर 'प्लीज कोऑपरेट'!

जुन्या ऑफिसात परत जावं म्हटलं तर माझ्या जागेवर पोरगा येऊन बसलाय, उद्या लॅपटॉप जमा करायचाय. फुल अँड फायनल यायला 45 दिवस, नोटीसमधला शेवटचा पगार त्यातच अडकलाय, आणि 5 तारखेला होम लोनचा हप्ता. सगळ्यात डोकं फिरलं ते मेडिक्लेमवरून. ग्रुप पॉलिसी लास्ट वर्किंग डेला संपते, आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी मुद्दाम नवीन पॉलिसीवर करू म्हणून थांबवलेलं. ती बिचारी मला विचारतेय सोमवारी डब्याला काय देऊ.

बरं, बाई मेल करायला तयार नाहीत, सगळं फोनवर. मग मीच त्याच रात्री मेल टाकला, 'आज सहा वाजता फोनवर तुम्ही सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून, तारखांसकट. लगेच सकाळी पोर्टलवर रिवाइज्ड ऑफर लेटर हजर! वाचलं नीट, तर नव्या तारखेपुढे बारीक अक्षरात 'टेंटेटिव्ह, बिझनेस रिक्वायरमेंटनुसार बदलू शकते', आणि वर 'हे लेटर आधीच्या लेटरची जागा घेईल'. खाली मोठं हिरवं ॲक्सेप्ट बटण. ते दाबलं असतं तर हातातला एकमेव कागद गेला असता आणि पुढच्या वेळी दहा आठवडे ढकलले तरी ब्र काढता आला नसता. नाही दाबलं.

रिप्लायमधे सरळ लिहिलं, तुमच्या सही केलेल्या लेटरवर विसंबून मी राजीनामा दिलाय. एकतर ठरलेल्या तारखेलाच जॉइन करून घ्या आणि प्रोजेक्ट येईपर्यंत बेंचवर बसवा, नाहीतर त्या तारखेपासूनचा पगार द्या, आणि यातलं काहीच जमत नसेल तर पक्की तारीख लिहून द्या, टेंटेटिव्ह शब्द काढून. तोपर्यंत मी दुसरीकडे इंटरव्ह्यू देणार, हेही लिहिलं, लपवायचं काय त्यात.

उत्तर आलं, 'नोटेड, विल चेक इंटर्नली'. आणि दुपारी कुरिअरवाला वेलकम किट देऊन गेला, त्यात पाण्याची बाटली आणि 'सोमवारी भेटूया' लिहिलेलं कार्ड.